हेडलाइटचा फिरवून निघणारा बल्ब होल्डर: जागा चार बोटांची, कान तुटायची धास्ती

अर्धवटमिस्त्री
डाव्या हेडलाइटचा लो बीम गेलाय. मॅन्युअल बघून नवीन एच११ बल्ब आणला, म्हटलं दहा मिनिटांचं काम. बॉनेट उघडल्यावर कळलं की दिव्याच्या बरोब्बर मागे बॅटरी बसवलीय आणि मधे जेमतेम चार बोटं जातील एवढी फट आहे. हात मनगटापर्यंत जातो, तोही वाकडा करून, आणि एकदा हात आत गेला की काहीच दिसत नाही, म्हणजे एक तर हात नाहीतर डोळे.
मॅन्युअलमध्ये एवढंच आहे की होल्डर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि बाहेर ओढा. मी अर्धा तास फिरवतोय, जागचा हलत नाही. शेवटी जरा जोर लावला तर कर्रर्र असा बारीक आवाज आला, तिथेच थांबलो. होल्डरला तीन प्लास्टिकचे कान असतात म्हणे आणि ते तुटले की अख्खा हेडलाइट बदलावा लागतो असं एकाने घाबरवून ठेवलंय. बॅटरी काढायची इच्छा नाही कारण मग रेडिओ कोड मागेल आणि तो माझ्याकडे नाही. कान न तोडता हे कसं काढायचं?

सरळसोट
घड्याळाच्या उलट म्हणजे उलट, त्यात विचारायचं काय? जोर कमी पडतोय. लांब तोंडाची पक्कड घाला आणि एक झटका द्या. त्याआधी गंज सोडवायचा स्प्रे मारून दहा मिनिटं ठेवा, लोण्यासारखं निघेल.

पाव्हणा
पक्कड, झटका आणि लोणी. नवीन हेडलाइटची किंमत पण आत्ताच विचारून ठेवा.

चकचकीत
एच११ काढताच आहात तर एलईडी टाका ना. मी टाकलाय, पांढराशुभ्र उजेड. फक्त त्याला मागे पंखा असतो.

अर्धवटमिस्त्री
@चकचकीत अहो जुना निघत नाहीये आणि तुम्ही नवीन कुठला टाकू ते सांगताय. आणि चार बोटांच्या फटीत पंखा कुठे बसवू, कानात?

बापूंचा_पाना
अर्धवटराव, आधी पक्कड खाली ठेवा आणि स्प्रेचा डबा लांब ठेवा. तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलंय, त्यातल्या त्यात हेच बल्ब सगळ्यात जास्त काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्याला होल्डर म्हणताय तो एच११ मध्ये वेगळा होल्डर नसतोच. तो बल्बचाच बूड आहे. हातात नवीन बल्ब घ्या आणि नीट बघा. काचेच्या खाली प्लास्टिकचं बूड, बुडावर रबरी रिंग, रिंगच्या पुढे काचेच्या बाजूला तीन कान, आणि मागे काटकोनात वळलेला भाग, ज्यात कपलर म्हणजे वायरचा प्लग लागतो. म्हणजे कान आहेत ते बल्बचे. जुन्या बल्बचा कान तुटला तर तुटला, तो तसाही कचऱ्यातच जाणार, नवीन बल्ब नवीन कान घेऊन येतो. ज्याने तुम्हाला घाबरवलं त्याने बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या गाडीबद्दल सांगितलं असेल.

मग जपायचं काय? दोन गोष्टी. एक, दिव्याच्या पाठीतल्या खाचा, ज्यात हे कान अडकतात. त्या हेडलाइटच्या अंगातच असतात, त्यांची कड पक्कडीने उडाली तर मात्र खरंच अख्खा दिवा. दुसरी, आणि लोक तोडतात ती हीच, कपलरची दाबायची जीभ. इंजिनाच्या उष्णतेने ती बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते. कर्रर्र आवाज कशाचा आला ते आधी बघा.

आणि आता माझा प्रश्न. फिरवताना तुम्ही उभे कुठे होता आणि बघत कशातून होता?

अर्धवटमिस्त्री
बापू, हे कोणी सांगितलंच नव्हतं! नवीन बल्ब खोक्यातून काढून बघितला, खरंच कान त्यालाच आहेत. निम्मी भीती गेली. काचेला हात लावला नाही, ते माहितीये.
उभा होतो बंपरसमोर, गाडीकडे तोंड करून, वाकून हात दिव्याच्या मागे घातला. दिसत नव्हतं म्हणून मोबाईल फटीत उभा धरला आणि सेल्फी कॅमेरा लावला, म्हणजे स्क्रीन माझ्याकडे आणि कॅमेरा बल्बच्या बुडाकडे. मस्त दिसत होतं. स्क्रीनवर बघून उलट दिशेने फिरवत होतो.

पाव्हणा
बल्बचा सेल्फी घेणारा पहिला माणूस.

रेवा_टू_व्हीलर
मला कुठे चुकतंय ते दिसतंय बहुतेक… सेल्फी कॅमेरा आरशासारखा उलटा दाखवतो ना? केसांचा भांग उलट्या बाजूला दिसतो तसा?

बापूंचा_पाना
रेवाताईंनी पकडलं. तुम्ही अर्धा तास तो बल्ब घट्ट करत होतात हो!

मॅन्युअलवाला जेव्हा घड्याळाच्या उलट म्हणतो तेव्हा तो दिव्याच्या मागे, म्हणजे इंजिनाच्या जागी उभा राहून, बल्बच्या बुडाकडे तोंड करून बोलतोय. तुम्ही उभे आहात दिव्याच्या पुढे. तुमच्या जागेवरून तेच फिरवणं घड्याळाच्या दिशेने होतं. आणि सेल्फी कॅमेऱ्याची स्क्रीनही तेच आरशातलं चित्र दाखवते, त्यामुळे स्क्रीनवर जे उलट वाटलं ते प्रत्यक्षात सुलट होतं. बल्ब आधीच शेवटच्या अडणीला टेकलेला, त्यावर तुम्ही आणखी जोर. कान तुटतात ते नव्वद टक्के याच कारणाने, प्लास्टिक खराब म्हणून नाही. म्हणजे टक्के मोजलेले नाहीत हां, माझा आपला अंदाज.

सरळसोट
हे काही पटत नाही. उलट ते उलट. स्क्रू कुठूनही बघितला तरी डावीकडेच सुटतो.

बापूंचा_पाना
@सरळसोट स्क्रू आपण नेहमी डोक्याकडून बघतो म्हणून तसं वाटतं. स्वयंपाकघरातून एक फिरकीच्या झाकणाची बरणी घ्या. झाकण स्वतःपासून लांब, भिंतीकडे करून धरा, बरणीचा तळ तुमच्याकडे. आता हात पलीकडे घालून झाकण उघडा आणि तळाच्या बाजूने बघा तुमची बोटं कुठल्या दिशेने फिरली.

सरळसोट
केलं. ठीक आहे. बरणीतलं तिखट सांडलं, ते वेगळं.

पाव्हणा
धाग्यातला पहिला अपघात नोंदवला आहे.

बापूंचा_पाना
म्हणून मी मुलांना शिकवताना घड्याळ हा शब्दच वापरत नव्हतो. वरच्या कडेकडे लक्ष द्यायचं. सुटण्यासाठी बुडाची वरची कड गाडीच्या डाव्या बाजूला सरकली पाहिजे. गाडीची डावी म्हणजे सीटवर बसून पुढे बघताना डावी. बंपरसमोर उभं राहिलं की तीच तुमची उजवी होते. दिवा डावा असो की उजवा, दिशा तीच. डोळे मिटून हात घातला तरी यात चूक होत नाही. अगदी एखाद्या गाडीत वेगळं असू शकतं, म्हणून दिव्याच्या पाठीवर बाण किंवा उघडं-बंद कुलपाची खूण असेल तर ती वाचा. पण मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढून वाचा, सेल्फीने नाही. खुणेशेजारी अक्षरं असतील आणि ती उलटी दिसली तर समजायचं की आरसा बघतोय.

गोंधळी_आजोबा
माझ्या गाडीत तर फिरवायचं काहीच नाही. रबराची टोपी काढली की आत तारेची क्लिप असते, ती दाबून बाजूला केली की बल्ब हातात येतो. तुम्ही लोक फिरवताय काय?

बापूंचा_पाना
आजोबा, तुमचा एच४ असणार, तो वेगळा. पण तुमचा मुद्दा कामाचा आहे. काही गाड्यांत मागे मोठं गोल डस्ट कव्हर असतं, तेही फिरवूनच निघतं, आणि लोक त्यालाच बल्ब समजून ओढत बसतात. अर्धवटरावांच्यात कव्हर नाही, कपलर सरळ बुडात गेलाय, म्हणजे फिरवायचं ते बूडच.

मीनाक्षी_घरदुरुस्ती
बापू म्हणतात तसं बल्बला कान असतील तर ठीक, पण सगळ्यांचं नशीब तेवढं नसतं. माझ्या गाडीत एच७ आहे. त्या बल्बला स्वतःचे कान नसतात, तो एका वेगळ्या प्लास्टिकच्या कड्यात बसतो आणि ते कडं फिरवून दिव्यात अडकतं. ते कडं परत वापरायचं असतं. मी थंडीच्या दिवसात, सकाळी, गाडी बर्फासारखी गार असताना घाईने काढायला गेले आणि एक कान टचकन उडाला. तीनपैकी दोनवर ते बसतं, पण एका बाजूने किंचित तिरकं. परिणाम असा की भिंतीवर उजेडाची जी सरळ रेघ पडायला पाहिजे ती एका टोकाला वर गेली आणि समोरून येणारे मला लाइट मारायला लागले. सुट्टं कडं मिळवायला तीन आठवडे गेले. तोवर दोन घटकांच्या चिकट्याने तो कान चिकटवला होता, सहा दिवस टिकला.

बापूंचा_पाना
मीनाक्षीताई, अगदी बरोबर, याच दोन प्रकारांत लोकांची गल्लत होते. काढण्याआधी नवीन बल्ब हातात घेऊन बघायचं: कान बल्बला आहेत की नाहीत. नसतील तर कडं वेगळं आहे आणि ते काचेच्या भांड्यासारखं हाताळायचं. वळायच्या दिव्याचे छोटे होल्डर पण याच जातीचे, परत वापरायचे. चिकटा उष्णतेपुढे टिकत नाही, तिथे लो बीमच्या मागे चांगलंच तापतं.
आणि गार प्लास्टिकचं म्हणणं शंभर टक्के. फार थंडी असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने दोनेक मिनिटं लांबून शेक द्यायचा, रबर आणि प्लास्टिक दोन्ही नरम येतात. रंग सोलायची गरम हवेची बंदूक नको, ती दिव्याचं अंगच वितळवेल.

अर्धवटमिस्त्री
इथे थंडी नाही, पण बल्ब बारा वर्षांचा आहे, गाडीबरोबर आलेला. आता सुलट म्हणजे उलट म्हणजे… वरची कड गाडीच्या डावीकडे फिरवून बघितली. थोडा, अगदी केसभर हलल्यासारखा वाटला आणि परत अडकला. रबरासारखं काहीतरी धरून ठेवतंय. सुटतोय म्हणून आनंद मानू का?

बापूंचा_पाना
माना. ती रबरी रिंग आहे. बारा वर्षं ती दिव्याच्या अंगाला दाबून बसलीय, तापून, सुकून चिकटलीय. आता जोर वाढवायचा नाही, पद्धत बदलायची.

कान खाचेत घट्ट का बसतात? मागून रबर बुडाला सतत बाहेर ढकलतं, त्यामुळे कान खाचेच्या कडेवर ताणलेले असतात. तुम्ही त्या ताणातच फिरवलं तर कान घासत जातो, आणि जुना असेल तर मोडतो. म्हणून आधी तळव्याने किंवा अंगठ्याने बूड दिव्याच्या आत, म्हणजे काचेच्या दिशेने दाबायचं. रबर दबलं की कान मोकळे होतात. दाबून धरलेल्या अवस्थेतच फिरवायचं. जागा कमी असेल तर दाबायचं काम एका हाताच्या अंगठ्याने आणि फिरवायचं काम दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी.

तरी नाही सुटलं तर डोलवायचं. आधी घट्ट व्हायच्या बाजूला अगदी किंचित, मग सुटायच्या बाजूला, परत इकडे, परत तिकडे. चिकटलेलं रबर एका दमात सुटत नाही, कडेकडेने सोलत जातं. पहिल्या दहा वेळा काही होत नाही असं वाटेल. नंतर एकदम ढिलं पडतं. पूर्ण फेरा वगैरे नसतो, पाव फेरा किंवा त्याहून कमी, की अडणी लागते. अडणी लागली की फिरवणं बंद आणि सरळ मागे ओढायचं. तिरकं ओढलं तर काच आतल्या भोकाच्या कडेवर आपटते.

पकड येत नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून बुडाभोवती एक वेढा द्या. बोटं घसरत नाहीत आणि जोर सगळीकडे सारखा लागतो. पक्कड दोनच ठिकाणी चावते आणि नेमकी तिथेच चीर जाते.

सरळसोट
आणि स्प्रे? निदान रबर तरी सुटेल त्याने. ते तर मान्य करा.

बापूंचा_पाना
सुटेल हो, ते मान्य. पण तेल आत झिरपतं. मग दिवा तापला की त्याची वाफ होते आणि आतल्या चकचकीत आरशावर आणि पुढच्या काचेच्या आतून धुकं बसतं. ते आतून पुसता येत नाही. सुटण्यासाठी मारायचंच असेल तर साबणाच्या पाण्याचा एक थेंब बोटाने रिंगच्या कडेला लावा. बसवताना नवीन रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात.

तेलकटहात
कपलरचं काय ते कोणी बोललंच नाही अजून. मी तर कपलर काढतच नाही आधी. एच११ चा कपलर काटकोनात असतो, त्याला धरून फिरवलं की हँडलसारखा जोर मिळतो. बल्ब बाहेर आला की बाहेरच्या उजेडात सावकाश जीभ दाबायची. आत हात घालून न दिसणारी जीभ दाबताना तुटते म्हणून म्हणतोय.

बापूंचा_पाना
@तेलकटहात मी बरोबर उलट करतो. आधी कपलर. एक म्हणजे मागे वायरचा झुबका असतो, तो फिरायला विरोध करतो, आपल्याला वाटतं बल्ब अडलाय. दुसरं, कपलरला धरून पिळलं तर जोर जिभेवर आणि बुडाच्या त्या नळीवर येतो, आणि नळी मोडली की धरायला काही राहत नाही. कपलर काढला तरी बुडाची स्वतःची काटकोनी नळी राहते ना, ती धरून फिरवायचं.

तेलकटहात
पण बापू, बॅटरीकडे तोंड करून असलेली जीभ दाबणार कशी? बल्ब फिरवला की तीच जीभ फिरून वर येते, माझ्याकडे. मी दोन गाड्यांत असंच केलंय, वायरला बरीच ढील होती.

बापूंचा_पाना
ढील असेल आणि जीभ दिसत नसेल तर तुमचं चालेल. माझ्या वाट्याला ढील नसलेल्या गाड्याच जास्त आल्या. मी आपला आधी कपलर.

रेवा_टू_व्हीलर
दोघंही बरोबर असू शकतात ना, गाडीनुसार? मॅन्युअलही एकसारखं सांगत नाहीत. माझ्या जुन्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आधी फिरवा होतं, नवीनमध्ये आधी कपलर.

मीनाक्षी_घरदुरुस्ती
कपलर काढताना मला उशिरा कळलेली एक गोष्ट. जीभ दाबून लगेच ओढायचं नाही. आधी कपलर बल्बच्या दिशेने अजून आत ढकलायचा, त्याने जिभेवरचा ताण जातो, मग ती अगदी हलक्या दाबाने उचलली जाते, आणि मग ओढायचं. वायरला धरून नाही, कपलरच्या अंगाला धरून. आणि काही कपलरवर लाल किंवा करड्या रंगाची छोटी सरकपट्टी असते. ती आधी मागे सरकवली नाही तर जीभ दबल्यासारखी वाटते पण सुटत नाही, आणि आपण ओढून ओढून तोडतो. मी एक तोडलाय.

पाव्हणा
मीनाक्षीताईंच्या तोडलेल्या गोष्टींची यादी हेच खरं मॅन्युअल आहे.

मीनाक्षी_घरदुरुस्ती
@पाव्हणा हसा. तोडल्याशिवाय कळत नाही. वॉशरच्या टाकीची नळीपण तोडलीय.

गोंधळी_आजोबा
अहो पण बॅटरी काढा ना, एवढं रामायण कशाला?

बापूंचा_पाना
आजोबांनी मनातलं काढलं. दोन टर्मिनल आणि एक पट्टी, दहा मिनिटांचं काम वाचवायला लोक दीड तास मनगट सोलून घेतात. पण काढायचीच असेल तर आधी निगेटिव्ह सोडायचा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी आणि वर हात भाजतो. लावताना निगेटिव्ह शेवटी. रेडिओ कोड मागेल ही त्यांची अडचण खरी आहे, काही गाड्यांत काचांचं आपोआप वर जाणंही परत शिकवावं लागतं. कुठल्या गाडीत हवेची नळी दोन क्लिप सोडून बाजूला होते, कुठे चाकाच्या आतल्या प्लास्टिकमधून हात जातो. ते आधी बघा.

अर्धवटमिस्त्री
कोड नसल्यामुळे बॅटरी ठेवूनच प्रयत्न करतो. पण बॅटरीची दाबपट्टी सोडून ती दोन सेंटिमीटर मागे सरकते असं आत्ता लक्षात आलं, टर्मिनल न काढता! बायको म्हणतेय आता अंधार पडलाय, उद्या करा. अंधारात दिवा दुरुस्त करायला दिवा नाही.

चकचकीत
म्हणून म्हणतो एलईडी.

अर्धवटमिस्त्री
(दुसऱ्या दिवशी)
निघाला!!

क्रमाने सांगतो. इंजिन गार, चावी काढलेली. बॅटरीची पट्टी सोडून ती मागे सरकवली, पाच-सहा बोटांची जागा झाली. मागच्या कॅमेऱ्याने, फोन आत घालून, न बघता सात-आठ फोटो काढले, त्यातल्या एकात सगळं स्वच्छ दिसलं. कपलरवर करडी पट्टी होती! मीनाक्षीताई, तुमचे उपकार. कालचा कर्रर्र आवाज त्याच जिभेचा होता, मुळाशी पांढरी रेघ उमटलीय पण तुटली नाही. पट्टी मागे सरकवली, कपलर आत ढकलला, जीभ दाबली आणि निघाला. म्हणजे मी बापूंच्या पार्टीत.

मग ट्यूबचा पट्टा गुंडाळला, अंगठ्याने आत दाबलं आणि डोलवायला लागलो. मोजलं, सव्वीस वेळा. तेविसाव्यापर्यंत अगदी दगड. मग चुर्र असा ओला आवाज आला, जसं जुनं स्टिकर सोलतं तसा, आणि वरची कड सरकली. पाव फेराही नाही. सरळ मागे ओढला.

आता गंमत. बल्ब बाहेर आला तर तीनपैकी रुंद कानाचा कोपरा आधीच उडालेला, बहुतेक काल घट्ट करताना. आणि बुडावर रिंगच नाही. बोट घालून बघितलं तर रिंग दिव्याच्या भोकात चिकटून बसलेली.

बापूंचा_पाना
शाब्बास. ती रिंग काढलीत ना? नवीन बल्बला स्वतःची रिंग असते, जुनी आत राहिली तर दोन होतात आणि बूड पूर्ण आत जात नाही. मग लोक परत जोर लावतात आणि नवीन बल्बचे कान मोडतात. नखाने किंवा लाकडी काडीने सोला, स्क्रूड्रायव्हर नको, बसायची जागा खरवडली तर पाणी शिरेल.
आणि त्या कानाचा तुकडा कुठाय?

अर्धवटमिस्त्री
रिंग काढली, दातकोरणीने. तुकडा… आतच पडलाय. गाडी हलवली की खुळखुळा वाजतो.

सरळसोट
राहू दे की, काय बिघडतंय. माझ्या दिव्यात एक मुंगळा तीन वर्षं आहे.

बापूंचा_पाना
तळाच्या कोपऱ्यात असेल तर सरळसोट म्हणतात तसं काही बिघडत नाही. बल्बजवळ अडकला तर वितळून वास आणि डाग. एका लांब काडीच्या टोकाला दुहेरी चिकटपट्टी लावून भोकातून प्रयत्न करा, आरशाला काडी लागू देऊ नका, त्याचा मुलामा बोटानेही निघतो.
नवीन बसवताना तिन्ही कान सारख्या रुंदीचे नसतात, म्हणून तो एकाच पद्धतीने आत जातो. जात नसेल तर दाबायचं नाही, थोडं फिरवून जागा शोधायची. आत बसला की दाबा आणि वरची कड आता गाडीच्या उजवीकडे, अडणी लागेपर्यंत. मग भिंतीसमोर गाडी लावून दोन्ही दिव्यांच्या रेघा बघा. एखादी तिरकी असेल तर एक कान खाचेत गेलेला नाही.
हो, आणि कपलरच्या आतले दोन पत्रे बघितलेत का? तपकिरी पडलेत किंवा प्लास्टिक वितळल्यासारखं आहे का? ५५ वॅटचा बल्ब आहे, पकड सैल असेल तर तिथेच तापतं आणि नवीन बल्बही लवकर जातो.

अर्धवटमिस्त्री
एक पत्रा किंचित निळसर-तपकिरी आहे. वितळलेलं नाही. तुकडा चौथ्या प्रयत्नात पट्टीला चिकटून आला. बल्ब बसला, रेघ सरळ आहे, उजव्या दिव्याच्या रेषेत. जिभेला रेघ आहे म्हणून कपलर टिकेल का ही धाकधूक आहे, ओढून बघितला तर धरतोय.

तेलकटहात
पट्टी परत पुढे सरकवलीत ना? मग ती जिभेला वरून दाबून धरते. टिकेल. आणि परत बल्ब गेला तर माझ्या पद्धतीने काढा, जीभ वाचेल.

बापूंचा_पाना
तेलकटहात सोडत नाहीत. निळसर पत्र्यावर लक्ष ठेवा, महिनाभराने कपलर काढून बघा… किंवा नका काढू, ती जीभ आहे. दिवा मिणमिणला तर काढा.

अर्धवटमिस्त्री
एक सांगायचं राहिलं. आत्ता संध्याकाळी गाडी बाहेर काढली तर उजवा लो बीम गेलाय. त्याच्या मागे बॅटरी नाही, वॉशरच्या टाकीची नळी आहे.

पाव्हणा
मीनाक्षीताई, या.

मीनाक्षी_घरदुरुस्ती
आले. आधी सांगा, नळी खोचलेली आहे की एका बोल्टवर?